डेली की मंथली? खाजणाऱ्या अन् कोरड्या डोळ्यांना कोणती लेन्स मानवते

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, नागपूरला धरमपेठेत बसते, अन् दिवसभर माझ्यासमोर येणाऱ्या निम्म्या लोकांचा प्रश्न एकच असतो की कॉन्टॅक्ट लेन्स डेली घेऊ का मंथली. मागून लगेच दुसरा येतो, डेली महाग आहे म्हणजे ती जास्त चांगली असेल नं? तर आधी हेच बोलून घेऊ, कारण इथेच गडबड होते. डेली अन् मंथली हे काही क्वालिटीचे दोन दर्जे नाहीत. दोन्ही सॉफ्ट लेन्स, दोन्ही सकाळी घालायच्या अन् रात्री काढायच्या, दोन्ही घालून झोपायचं नाही. मटेरियलसुद्धा दोन्हीत सारखं मिळू शकतं. फरक एवढाच की डेली रात्री काढली की कचऱ्यात जाते अन् मंथली सोल्युशनमध्ये धुऊन डबीत ठेवून दुसऱ्या दिवशी परत डोळ्यात जाते, अशी महिनाभर. बाकीचे सगळे फायदे-तोटे, आरामाचे, खर्चाचे, अ‍ॅलर्जीचे, या एका गोष्टीतून निघतात.

आता महिनाभर वापरल्याने नेमकं काय होतं ते बघा. आपल्या अश्रूंमध्ये नुसतं पाणी नसतं, त्यात तेल असतं, चिकट म्युकस असतं अन् प्रोटीन असतात, त्यातलं एक मोठं प्रोटीन म्हणजे लायसोझाइम. लेन्स डोळ्यात गेली की काही मिनिटांतच हे सगळं तिच्यावर बसायला लागतं. यात वाईट काही नाही, उलट ताजं प्रोटीन डोळ्याला ओळखीचंच असतं. पण दिवसामागून दिवस ते लेन्सवर राहिलं की त्याचा आकार बिघडतो, अंड्याचा पांढरा भाग तव्यावर पडल्यावर जसा पारदर्शकचा पांढरा घट्ट होतो तसंच काहीसं, अन् मग आपल्याच शरीराचं प्रोटीन आपल्याच पापणीला परकं वाटायला लागतं. त्यात धूळ अन् परागकण येऊन चिकटतात. सोल्युशनने चोळून धुतलं की बरंच निघतं पण सगळं निघत नाही, अन् विसाव्या-पंचविसाव्या दिवशीची लेन्स ही पहिल्या दिवशीची लेन्स राहत नाही. ज्याचा डोळा शांत आहे त्याला हे कळतही नाही, महिना आरामात जातो. ज्याला आधीच अ‍ॅलर्जी आहे त्याला मात्र दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच समजायला लागतं.

एक केस सांगते, म्हणजे नीट कळेल. सव्वीस वर्षांची मुलगी, मिहानला नोकरी, मानेवाड्याहून रोज स्कूटीने जाते-येते, नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस ३.७५. कॉलेजपासून मंथली लेन्स. आईला घेऊन आली अन् म्हणाली, "ताई, आधी रात्री नऊपर्यंत लेन्स राहायची, आता दुपारी चारलाच काढून फेकावंशी वाटते. डोळ्यात रेती गेल्यासारखं होते."

मी विचारलं, "जळजळ जास्त का खाज जास्त?"

थोडा विचार करून म्हणाली, "दिवसा जळजळ. पण लेन्स काढली नं की मग खाज सुटते, अशी की चोळतच बसावं वाटते."

हा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारते, कारण अर्धं निदान त्याच उत्तरात असतं. कोरड्या डोळ्याची तक्रार म्हणजे जळजळ, टोचणं, डोळे थकणं, अन् ती सकाळी कमी अन् संध्याकाळी जास्त असते. स्क्रीनवरची अक्षरं मध्येच धुरकट होतात अन् दोन-तीनदा पापण्या मिटल्या की साफ होतात, अन् लेन्स काढली की हायसं वाटतं. अ‍ॅलर्जीची तक्रार म्हणजे खाज, नाकाकडच्या कोपऱ्यात जास्त, अन् लेन्स काढल्यावर आराम पडायच्या ऐवजी खाज वाढते. सकाळी उठल्यावर डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरट तार निघते. अजून एक खूण म्हणजे लेन्स जागेवर राहत नाही, पापणी मिटली की वर सरकल्यासारखी वाटते.

या मुलीला दोन्ही होतं, अन् हे फार कॉमन आहे. तिची वरची पापणी उलटून बघितली (ऐकायला भीती वाटते पण दुखत नाही, कापसाच्या काडीवर पापणी अलगद पलटवतात) तर आतला गुलाबी भाग, जो गुळगुळीत असायला पाहिजे, तिथे बारीक-बारीक दाणे उठलेले. लेन्सवर साचलेल्या थराला अन् लेन्सच्या रोजच्या घासण्याला पापणीने दिलेली ही रिअ‍ॅक्शन असते. दाणे सुजलेले असले की लेन्सला धरून वर ओढतात, म्हणून ती सरकते. मग पिवळा रंग टाकून निळ्या लाइटखाली बघितलं की पापणी मिटल्यानंतर अश्रूंचा थर किती वेळात फाटतो. साधारण दहा सेकंद किंवा जास्त टिकला तर ठीक समजतात. हिचा पाच सेकंदांत फाटत होता. पापणीच्या कडेला बारीक तेलाच्या ग्रंथी असतात, त्या हलक्या दाबून बघितल्या तर पातळ तेल यायच्या ऐवजी घट्ट पांढरट काहीतरी येत होतं. म्हणजे पाणी पुरेसं बनत होतं पण वरचा तेलाचा पापुद्रा नीट नसल्याने ते उडून जात होतं.

मी विचारलं काही गोळ्या चालू आहेत का, तर शिंका येतात म्हणून रोज रात्री एक अ‍ॅलर्जीची गोळी घेत होती, मेडिकलवाल्याला विचारून. ही गोष्ट फार लोकांना माहीत नसते. सर्दी-शिंकांसाठी घेतो त्या अँटीहिस्टामिन गोळ्या नाकाचं पाणी कमी करतात तसं डोळ्याचंही करतात. म्हणजे अ‍ॅलर्जीची गोळी घ्यायची अन् डोळे कोरडे करून घ्यायचे, मग कोरडेपणामुळे अ‍ॅलर्जीची धूळ धुऊन निघत नाही अन् खाज अजून वाढते. गोळी बंद करा असं मी म्हणत नाहीये, ते डॉक्टर ठरवतील, पण लेन्स घालत असाल तर डॉक्टरांना ती गोळी सांगायला विसरू नका.

आता नागपूरचं बोलायलाच पाहिजे, कारण पुण्या-मुंबईच्या लोकांना जी लेन्स मानवते तीच इथे मे महिन्यात मानवेल असं नाही. पंचेचाळीस डिग्रीच्या आसपास पारा, कोरडी हवा, अन् त्यात दुपारी स्कूटीवर तोंडावर येणारी गरम झळ, यात अश्रू टिकतील कसे? ऑफिसात नऊ तास एसी अन् समोर स्क्रीन, स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटतात अन् मिटल्या तरी अर्ध्याच मिटतात. घरी आलं की कूलर. कूलरची हवा ओली असते म्हणून लोकांना वाटतं डोळ्याला बरी, अन् खोलीत ओलावा असणं बरंच आहे, पण झोत थेट चेहऱ्यावर येत असेल तर वारा डोळ्यातलं पाणी उडवतोच. त्यात मार्चमध्ये मागच्या वर्षीच्याच ताट्यांवर कूलर सुरू केला की पहिले काही दिवस वर्षभराची धूळ अन् बुरशी खोलीभर फिरते, अ‍ॅलर्जीवाल्यांनी ताट्या बदलल्याशिवाय कूलर लावूच नये. पावसाळा अन् त्यानंतर रिकाम्या प्लॉटवर माजलेलं गाजरगवत, त्याचे परागकण. अन् वर्षभर रस्त्याची धूळ. कोरडेपणाचे अन् अ‍ॅलर्जीचे सीझन आपल्याकडे एकामागोमाग एक लागून आहेत, मध्ये सुट्टी अशी नाहीच.

अशा डोळ्याला कोणती लेन्स? अ‍ॅलर्जीच्या बाबतीत माझं उत्तर स्पष्ट आहे अन् त्यात मी फारसं पण-परंतु करत नाही, डेली. कारण साधं आहे, काल अडकलेली धूळ अन् पराग आज डोळ्यात परत जात नाहीत, जुनं प्रोटीन नाही, अन् सोल्युशनही नाही. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. मंथलीच्या मल्टिपर्पज सोल्युशनमध्ये जंतू मारणारी प्रिझर्व्हेटिव्ह असतात, ती लेन्समध्ये थोडी मुरतात अन् दिवसभर हळूहळू डोळ्यात उतरतात. बहुतेकांना काही होत नाही, काहींना मात्र लेन्स घातल्या-घातल्या जळजळ होते अन् डोळे लाल दिसतात, अन् ते बिचारे लेन्सला दोष देत कंपन्या बदलत बसतात. दोष बाटलीतल्या पाण्याचा असतो.

कोरड्या डोळ्यांच्या बाबतीत मात्र उत्तर एवढं सरळ नाही. डेलीने फरक पडतो, कारण स्वच्छ लेन्सवर अश्रूंचा थर जास्त एकसारखा पसरतो अन् सोल्युशनचा त्रास जातो. पण अश्रूच पाच सेकंदांत फाटत असतील तर लेन्स रोज नवी असो की महिन्याची, ती कोरडी पडणारच. अश्रूंच्या पातळ थराच्या मध्ये लेन्स घुसते, थर आणखी पातळ होतो, हे कुठल्याही लेन्सला चुकत नाही. म्हणून कोरड्या डोळ्याला आधी पापणीच्या ग्रंथी ठीक करणं, म्हणजे रोज पाच-दहा मिनिटं कोमट कापडाचा शेक अन् मग पापणीच्या कडेला हलकी मालिश, हे काम लेन्स बदलण्याआधीचं आहे. शेक कोमटच, चटका बसेल असा नाही.

मटेरियलबद्दल थोडं. जुन्या प्रकारच्या हायड्रोजेल लेन्समध्ये ऑक्सिजन लेन्समधल्या पाण्यातून बुबुळापर्यंत जातो, अन् बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला, कॉर्नियाला, रक्तवाहिन्या नसतात त्यामुळे त्याला ऑक्सिजन मुख्यतः हवेतूनच लागतो. सिलिकॉन हायड्रोजेलमध्ये सिलिकॉनमधून ऑक्सिजन जातो अन् कितीतरी जास्त जातो, म्हणून रोज दहा-बारा तास घालणाऱ्याला मी हेच देते, डेली असो की मंथली. लोकांना वाटतं डोळा कोरडा आहे तर जास्त पाण्याची लेन्स घ्यावी, डब्यावरचा पाण्याचा टक्का बघून घेतात. साध्या हायड्रोजेलमध्ये नेमकं उलटं होऊ शकतं. जास्त पाण्याची लेन्स कोरड्या हवेत स्वतःचं पाणी सोडते अन् भरपाई अश्रूंमधून करते, संध्याकाळी डोळा अजून सुकतो. तर नुसत्या टक्क्यावर जाऊ नका, ट्रायल घेऊन संध्याकाळी सहा वाजता डोळा कसा वाटतो त्यावर ठरवा. सकाळी दुकानात तर सगळ्याच लेन्स छान वाटतात.

आता ट्रायलचंच सांगते, कारण माझ्या मते डेली लेन्सचा सगळ्यात चांगला उपयोग हा आहे. मंथलीचा त्रास होत असेल तर कायमचं डेलीवर जायच्या आधी पाच-सात दिवस ट्रायलच्या डेली वापरून बघा, शक्यतो त्याच प्रकारच्या मटेरियलच्या. तेच ऑफिस, तीच स्कूटी, तेवढेच तास. आठवड्यात त्रास गेला तर समजायचं की गुन्हेगार साचलेला थर किंवा सोल्युशन होतं, डेलीवर पैसे टाकणं वसूल आहे. त्रास तसाच राहिला तर समजायचं की खोट अश्रूंमध्ये आहे अन् डेलीवर दुप्पट खर्च करून फार काही हाती लागणार नाही, आधी कोरडेपणाचा इलाज. अन् अर्धाच गेला तर दोन्ही आहे. या एका आठवड्याच्या टेस्टमुळे लोकांचे वर्षाचे कितीतरी हजार वाचतात, पण पापणी आधीच दाण्यांनी सुजलेली असेल तर ही टेस्ट लगेच करायची नाही, आधी ती सूज उतरवायची.

या मुलीचं तेच होतं. आमच्या शेजारच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवली, त्यांनी काही आठवडे लेन्स पूर्ण बंद केली, अ‍ॅलर्जीचे थेंब दिले, शेक सुरू केला. लेन्स बंद म्हटल्यावर तिचा चेहरा पडला, घरी लग्नाचं बघणं चालू होतं, पण ऐकलं तिने. दाणे बसल्यावर मग ट्रायल. पहिल्या आठवड्यातच खाज जवळपास गेली, जळजळ मात्र संध्याकाळी पाचनंतर थोडी राहिली. म्हणजे अर्धं-अर्धं.

अन् मग आईचा प्रश्न आला, अन् रास्त होता. "अहो मॅडम, रोजचे शंभर रुपये कचऱ्यात फेकाचे का? महिन्याचे तीन हजार झाले न!"

चला, हिशोब करू. आकडे मी सोपे गोल धरते, तुमच्या दुकानातले भाव वेगळे असतील ते टाका. डेलीचा तीस लेन्सचा डबा समजा पंधराशेचा, म्हणजे एक लेन्स ५० रुपये, दोन डोळ्यांचा दिवस १०० रुपये. (इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, तीसचा डबा म्हणजे महिना नाही, दोन डोळ्यांना तो पंधरा दिवसच जातो, अन् दोन डोळ्यांचा नंबर वेगळा असेल तर दोन डबे लागतात.) मंथली सिलिकॉन हायड्रोजेल समजा एक लेन्स ४५० ला, दोन डोळ्यांच्या ९००, वरून सोल्युशनचे महिन्याला ३५० धरा. झाले १२५०.

आता खरा फरक बघा. मंथलीचे १२५० हे तुम्ही महिन्यात तीस दिवस घाला की चार दिवस घाला, लागणारच, कारण मंथलीचा महिना पाकीट फोडलेल्या दिवसापासून मोजायचा, किती वेळा घातली यावरून नाही. "मी आठवड्यातून दोनदाच घालते म्हणून मला एक जोडी तीन महिने जाते" हे मी रोज ऐकते अन् रोज सांगते की नाही जात. डबीत पडलेल्या लेन्सवरही जंतूंचा थर बसतो. डेलीचा खर्च मात्र जेवढे दिवस घालाल तेवढाच. १२५० भागिले १००, साडेबारा दिवस. म्हणजे महिन्यात बारा दिवसांपर्यंत, आठवड्यातून साधारण तीन दिवस, लेन्स घालणाऱ्याला डेली स्वस्त पडते. सहा दिवस घालणाऱ्याला महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर २६०० लागतात, मंथलीच्या दुपटीहून थोडे जास्त. म्हणून "डेली परवडत नाही" हे वाक्य ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो, आठवड्यात किती दिवस?

सिलिंड्रिकल नंबर असेल तर हा हिशोब बदलतो. टोरिक लेन्स दोन्हीत महाग, डेली टोरिकमध्ये तर फरक अजूनच वाढतो अन् वेगळ्या अक्षाचे, जास्त सिलिंडरचे नंबर डेलीत मिळत नाहीत असंही होतं. तिथे कधीकधी मंथलीशिवाय इलाज नसतो.

या मुलीचं आम्ही असं ठरवलं की आठवड्यातले तीन दिवस डेली, उरलेले दिवस चष्मा. घरून काम असेल त्या दिवशी चष्माच. म्हणजे महिन्याचे साधारण १२०० ते १३००, मंथलीएवढेच, अन् डोळ्याला अधूनमधून विश्रांती. आईचं समाधान झालं. कोरडेपणासाठी ऑफिसात एसीच्या झोतापासून खुर्ची हलवून घेतली, स्क्रीन डोळ्यांच्या लेव्हलपेक्षा थोडी खाली केली (वर बघताना डोळा जास्त उघडा राहतो अन् जास्त सुकतो), अन् स्कूटीवर नुसता स्टोल नाही तर हेल्मेटची काच खाली किंवा बाजू झाकणारा गॉगल. संध्याकाळी सातनंतर लेन्स नाही. आज तिला खाज नाही, जळजळ मे-जूनमध्ये थोडी होते, तेव्हा दोन महिने ती लेन्स जवळजवळ घालतच नाही. पूर्ण बरं झालं असं मी म्हणणार नाही, सांभाळता येतंय.

थेंबांबद्दल दोन गोष्टी. अ‍ॅलर्जीचे थेंब लेन्सवर टाकायचे नाहीत. बहुतेक बाटल्यांमध्ये बेन्झाल्कोनियम क्लोराइड नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह असतं, सॉफ्ट लेन्स ते शोषून घेते अन् मग दिवसभर ते कॉर्नियाला लागून राहतं. सकाळी थेंब टाका, पंधरा मिनिटं थांबा, मग लेन्स घाला. लेन्स घातलेली असताना ओलाव्यासाठी काही टाकायचं तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं अन् लेन्सवर चालतं असं लिहिलेलंच, जेलवाले घट्ट थेंब रात्रीसाठी. नळाचं पाणी, आरओचं पाणी, गुलाबपाणी यातलं काहीही लेन्सला लावायचं नाही. पाण्यात अकांथअमीबा नावाचा जीव असतो, तो कॉर्नियात शिरला तर इलाज महिनोनमहिने चालतो अन् नजर जाऊ शकते. म्हणून लेन्स घालून अंघोळही नको अन् अंबाझरीच्या पुढे फार्महाऊसवर जाऊन स्विमिंग पूलमध्ये उडी तर नकोच.

ज्यांना डेली खरंच परवडत नाही अन् रोज लेन्स लागते त्यांनी काय करायचं? मंथलीच, पण नीट. लेन्स काढली की तळहातावर ठेवून ताज्या सोल्युशनचे थेंब टाकून बोटाने प्रत्येक बाजू चोळायची, बाटलीवर चोळायची गरज नाही असं लिहिलं असलं तरी चोळायची, मग धुवायची, मग ताजं सोल्युशन भरून बाटलीवर लिहिलेत तेवढे तास ठेवायची. कालच्या सोल्युशनमध्ये वरून थोडं नवं घालायचं ही सवय सगळ्यात वाईट, त्याने जंतू मारायची ताकदच राहत नाही. सकाळी डबीतलं पाणी ओतून, सोल्युशननेच खळखळून, डबी उपडी ठेवून सुकवायची अन् दर महिन्या-दोन महिन्यांनी डबी बदलायची, नव्या बाटलीसोबत बहुतेक वेळा मिळतेच. अ‍ॅलर्जीवाल्यांना प्रिझर्व्हेटिव्हचा त्रास असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्युशन हा चांगला मधला मार्ग आहे, ते थरही चांगला काढतं अन् मागे प्रिझर्व्हेटिव्ह सोडत नाही. पण ते त्याच्या स्वतःच्या उभ्या डबीतच वापरायचं, त्या डबीत पेरॉक्साइड निष्प्रभ करायची सोय असते अन् त्याला साधारण सहा तास लागतात. घाईत त्याआधी लेन्स काढून डोळ्यात घातली किंवा त्यानेच लेन्स धुऊन घातली तर डोळा इतका भाजतो की विचारू नका. घरात दुसरं कोणी लेन्स वापरत असेल तर ती बाटली वेगळ्या कप्प्यात ठेवा.

डेलीवाल्यांचीही एक चोरी असते, तीही सांगते. आज चार तासच घातली म्हणून रात्री डबीत ठेवायची अन् उद्या परत. डेली लेन्स सहसा पातळ असते, धुवायला-चोळायला बनवलेली नसते, फाटते, अन् ज्या पाण्यातून ती पाकिटात येते ते नुसतं मिठाचं पाणी आहे, त्याने जंतू मरत नाहीत. पैसे डेलीचे भरले अन् धोका मंथलीपेक्षा जास्त घेतला असं होतं. घरात मिरच्या कुटल्या, तिखट चाळलं, की लेन्सला हात लावण्याआधी दोन-तीनदा साबणाने हात धुऊन, कोरडे करून, तरीही शंका असेल तर ती लेन्स सोडून द्यायची. होळीच्या दिवशी लेन्स नाही, रंग लेन्समध्ये मुरतो. डोळे आले की, जसे २०२३ च्या पावसाळ्यात घराघरात आले होते, लेन्स बंद, चालू असलेली मंथली जोडी अन् डबी दोन्ही फेकायच्या अन् डोळा पूर्ण साफ झाल्यावर नवीन सुरू करायची.

काही डोळ्यांना दोन्हीपैकी काहीच नको असतं. आपल्याकडच्या उष्ण-कोरड्या हवेत लहान मुलांना, जास्त करून मुलग्यांना, दरवर्षी डोळ्यांची एक जोरदार अ‍ॅलर्जी होते, डोळे तपकिरी-लाल, उजेड सहन होत नाही, सतत चोळणं. ती चालू असेपर्यंत लेन्सचा विषय काढू नका, कितीही महागाची डेली असली तरी. अन् कोणालाही, कुठल्याही लेन्सवर, एका डोळ्यात दुखणं, लाली, उजेडाचा त्रास किंवा नजर अंधुक, यातलं काही झालं तर लेन्स काढायची अन् त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, रात्र काढायची नाही. ओळखीचे कोणी नसतील तर नागपुरात सरकारी मेडिकल कॉलेजची किंवा मेयो हॉस्पिटलची डोळ्यांची ओपीडी आहे. काढलेली लेन्स अन् डबी फेकू नका, सोबत घेऊन जा, त्यावरून जंतू तपासता येतो. अन् मेडिकल स्टोअरमधून मनाने थेंब आणून टाकू नका, लाली लगेच उतरवणाऱ्या बऱ्याच थेंबांमध्ये स्टेरॉइड असतं, डोळा पांढरा दिसतो अन् आतमध्ये इन्फेक्शन मोकाट वाढतं.

विकत घेताना पहिल्यांदाच नव्वद लेन्सचा मोठा डबा घेऊ नका, स्वस्त पडला तरी. चष्म्याचा कागद दाखवून लेन्स मागू नका, लेन्सच्या कागदावर नंबरासोबत वक्रता अन् व्यासही लिहिलेला असतो अन् तो ज्या ब्रँडसाठी लिहिला त्याच ब्रँडला लागू पडतो. आधी एक तीसचा डबा, तो संपत आला की दुपारी चार-पाचच्या सुमारास, लेन्स डोळ्यात असतानाच, दाखवायला या. दिवसभर घातलेल्या लेन्सखाली डोळा कसा आहे ते आम्हाला तेव्हाच दिसतं.